वर्कशॉपच्या फोटोत लेथ कुठला, मिलिंग कुठलं, ड्रिल कुठलं आणि शेपर कुठला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडच्या शेडचे फोटो व्हॉट्सॲपवर सारखे फिरत असतात. कुणी जुनी मशिनं विकायला काढलेली असतात, कुणाच्या पोराला आयटीआयमध्ये ओळखून लिहून आणायला सांगितलेलं असतंय, कुणी निपाणी-चिक्कोडीकडनं शेड भाड्यानं घ्यायला येणार असतो आणि आत काय काय आहे ते आधी बघून घेत असतो. प्रश्न मात्र तेच तेच येतात, म्हणून एकदा सगळं इथं लिहून ठेवतोय. मशीन बंद आहे, हलत काही नाही, हातात फक्त फोटो आहे, एवढ्यावरनं काय ठरवता येतंय तेवढंच घेतलंय.

दादा, फोटो उघडल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

जॉब म्हणजे कापायचा तुकडा कुठं धरायची सोय आहे आणि टूल म्हणजे कापणारी धार कुठं धरायची सोय आहे, हे बघायचं. मशिनचा रंग, आकार, किती जुनं आहे, हे सगळं नंतर. जुन्या मशिनवर रंग मालकाच्या मनाचा असतो, एकाच शेडमध्ये लेथ पण हिरवा आणि शेपर पण हिरवा, त्यावरनं काही कळत नाही.

लेथवर जॉब फिरतो आणि टूल फिरत नाही, ते फक्त सरकतंय. मिलिंगवर कटर फिरतो आणि जॉब टेबलावर बांधून त्या कटरखालनं सरकवतात. ड्रिलवर बिट फिरतं आणि सरळ खाली उतरतं, जॉब जागच्या जागी असतो. शेपरवर फिरत काहीच नाही, एक टूल सरळ रेषेत पुढं जातंय आणि मागं येतंय.

आता तुम्ही म्हणाल फोटोत तर काही फिरत नाही आणि सरकत नाही. बरोबर आहे, पण मशिनचं अंग त्या हालचालीवरच बेतलेलं असतंय. ज्या दिशेला लांब सरकायचं त्या दिशेला घासून गुळगुळीत केलेली सरक असते, तिला आपण स्लाइड नाहीतर बेड म्हणतो, आणि ती रंगवलेली नसते, तेलानं चमकत असते. फोटोत रंग नसलेली चमकती सपाट पट्टी शोधा. ती कमरेच्या उंचीवर आडवी लांब दिसली तर लेथ. मशिनच्या अगदी डोक्यावर पुढं-मागं जाणारी दिसली तर शेपर. उभी पट्टी आणि तिच्यापुढं आडवं लांब टेबल असलं तर मिलिंग. आणि अशी लांब पट्टी कुठंच नाही, नुसता एक गोल खांब आणि वर डोकं, तर बहुतेक ड्रिल.

लेथ तर सोपा आहे ना?

हो, चारातला सगळ्यात सोपा. आडवा, बुटका, लांब. डाव्या बाजूला हेडस्टॉक म्हणजे गिअरचा डबा, त्याच्या तोंडावर जॉब पकडायचं चक, चकात तीन नाहीतर चार जबडे. उजव्या टोकाला जॉबचं दुसरं टोक टेकवायला टेलस्टॉक. मधे बेडवर सरकणारं सॅडल आणि त्याच्यावर टूल पोस्ट. समोरच्या बाजूला बेडच्या खाली एक लांब आटे असलेला दांडा दिसतो, तो लीड स्क्रू, आटे पाडायला लागतो. हा दांडा दिसला की विषय संपला, बाकीच्या तिघांत असा उघडा लांब आट्याचा दांडा समोरनं जात नाही. आपल्याकडं सहा फुटी लेथ, आठ फुटी लेथ म्हणतात ते बेडच्या लांबीवरनं.

पण माझ्याकडच्या फोटोत चक उजव्या बाजूला आहे, मग तो लेथ नाही का?

लेथच आहे. लेथचा हेडस्टॉक माणूस जिथं उभा राहतो तिथनं बघितलं तर डाव्या हाताला असतो. तुमच्या फोटोत उजवीकडं दिसतोय म्हणजे दोनपैकी एक गोष्ट झालीय. एकतर फोटो मशिनच्या पाठीमागनं काढलाय, तसं असलं तर सॅडलचं मोठं हातचाक दिसणार नाही आणि पायाशी मोटर, पट्टा, नाहीतर गिअरचं झाकण दिसेल. नाहीतर फोटो उलटा झालाय, म्हणजे पुढच्या कॅमेऱ्यानं काढून आरशासारखा फिरलाय. हे तपासायला भिंतीवरची अक्षरं बघा, शेडमध्ये कन्नड, मराठी, इंग्रजी काहीतरी पाटी असतेच, ‘धूम्रपान करू नये’ची तरी असते, ती उलटी वाचायला आली की कळलं. नेमप्लेट दिसत असली तर अजून उत्तम.

व्हर्टिकल मिलिंग आणि ड्रिल फोटोत एकसारखीच दिसतात, कसं ओळखायचं?

हाच खरा घोळाचा प्रश्न आहे, कारण दोन्हीत डोकं वर, स्पिंडल म्हणजे टूल फिरवणारा दांडा खाली तोंड करून, खाली टेबल, मागं खांब. जुनं मशीन विकताना ड्रिलला मिलिंग म्हणून खपवायचा प्रयत्न पण इथंच होतो, कारण किंमतीत लई फरक पडतो. म्हणून जरा सावकाश बघूया.

पहिल्यांदा टेबल बघा. मिलिंगचं टेबल लांब असतं, डावी-उजवीकडं मशिनच्या अंगाबाहेर आलेलं असतंय, वर उलट्या ‘टी’सारख्या खाचा असतात, आणि टोकाला हातचाक असतं. त्याच्या खाली सॅडल, त्याच्या खाली नी म्हणजे गुडघ्यासारखा पुढं आलेला भाग, आणि नीच्या खाली एक जाड उभा स्क्रू. म्हणजे टेबल तीन दिशांना जाऊ शकतं, डावी-उजवी, आत-बाहेर, वर-खाली, आणि प्रत्येक दिशेला आकडे कोरलेली रिंग असलेलं चाक नाहीतर दांडा असतो. पिलर ड्रिलचं टेबल लहान, गोल नाहीतर चौकोनी, ते खांबाभोवती फिरवून एका दांड्यानं आवळून ठेवायचं असतं. काम चालू असताना ते सरकवायचंच नसतं, म्हणून त्याला आकडे असलेली चाकं नसतात. टेबल वर-खाली करायला एखादं हँडल असेल तेवढंच.

दुसरं, डोक्याच्या उजव्या बाजूला बघा. ड्रिलला तीन नाहीतर चार दांड्यांचं हँडल असतंय, ते ओढलं की बिट खाली उतरतं. ड्रिलचं सगळं काम त्या एका हँडलवर चालतं म्हणून ते मोठं आणि ठळक असतं, हातानं घासून दांड्यांचे शेंडे चकचकीत झालेले असतात. मिलिंगच्या काही डोक्यांना पण असं हँडल असतं, एम वन टीआर म्हणतात त्या टरेट मिलिंगला असतंयच, म्हणून नुसत्या हँडलवर निकाल देऊ नका, टेबल आणि हँडल दोन्ही मिळून बघा.

तिसरं म्हणजे स्पिंडल, फोटो झूम होत असला तर. ड्रिलच्या स्पिंडलला बाजूनं एक लांबट आरपार खाच असते. त्यात पाचर घालून हातोडीनं ठोकली की ड्रिल चक नाहीतर बिट खाली निसटतं, कारण तिथं टूल फक्त निमुळत्या टेपरच्या घर्षणावर धरलेलं असतं. ही खाच दिसली की ते ड्रिल. मिलिंगमध्ये कटर वरनं एका लांब बोल्टनं ओढून आवळलेला असतो, त्याला ड्रॉबार म्हणतात, त्याचं डोकं नाहीतर टोपी स्पिंडलच्या वरच्या टोकाला दिसते.

मिलिंगचा कटर ड्रिलमध्ये लावून काम होतं की, मग एवढा फरक कशाला करायचा?

होत नाही, आणि करू पण नका. ड्रिलच्या स्पिंडलवर जोर खालनं वर येतो, त्यामुळं टेपर उलट घट्ट बसतो. मिलिंगचा कटर बाजूनं कापतो, प्रत्येक दात जॉबला धडकला की बाजूनं धक्का बसतो, आणि त्या धक्क्यांनी टेपर हळूहळू सैल होऊन चक कटरसकट फिरत-फिरत खाली पडू शकतो. ड्रिलचे बेअरिंग पण मुख्यतः उभा जोर घ्यायला केलेले असतात, बाजूचा जोर दिला की स्पिंडल लपलपतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. ड्रिलच्या टेबलावर कुणी दोन चाकांचं सरकतं व्हाइस बांधलेलं फोटोत दिसलं तर त्यामुळं ते मिलिंग होत नाही. व्हाइस बोल्ट काढून दुसरीकडं नेता येतं, स्पिंडल तोच राहतो.

ड्रिल-कम-मिलिंग म्हणून एक मशीन खरंच मिळतं, गोल नाहीतर चौकोनी खांब, गिअरचं डोकं आणि खाली कायमचं दोन चाकांचं टेबल. हलक्या कामाला ते ठीक आहे. फोटोत ते ओळखायची खूण म्हणजे टेबल मिलिंगसारखं पण खाली नी नाही, वर-खाली डोकंच होतं. विकणारा ‘मिलिंग’ एवढंच म्हणत असला तर ड्रॉबार आहे का, एवढं विचारायचं.

रेडियल ड्रिल म्हणजे ते मोठं आडवा हात असलेलं मशीन ना?

होय. जाड गोल खांब, त्याच्यावर आडवा लांब हात, हातावर पुढं-मागं सरकणारं डोकं, आणि खाली जमिनीवर मोठी सपाट बेस प्लेट, तिच्यावर चौकोनी डब्यासारखं टेबल. हे एवढ्यासाठी की जड कास्टिंग उचलून हलवायच्या ऐवजी डोकंच भोकावर न्यायचं. आपल्याकडं पंपाचे, व्हॉल्व्हचे मोठे कास्टिंग असतात त्यांना हे लागतंच. मिलिंगशी गल्लत होत असली तर बघा, टेबलाला सरकायची सोयच नाही, टेबल जमिनीलाच बांधलेलं आहे.

शेपर आणि हॉरिझाँटल मिलिंगमध्ये माझी कायम गल्लत होते, दोन्ही वरनं पुढं काहीतरी आलेलं असतं.

ही गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हीचं अंग मागं मोठ्या उभ्या पेटीसारखं, दोन्हीच्या डोक्यावरनं पुढं आलेला एक भाग, दोन्हीच्या पोटासमोर टेबल. लांबनं, त्यात पुन्हा अंधाऱ्या शेडमध्ये, ओळखणं अवघड जातं.

वरनं पुढं आलेल्या भागाचं टोक बघा. शेपरमध्ये तो रॅम, आणि त्याच्या तोंडावर एक गोल तबकडी असते, तिच्यावर अंशांच्या रेघा, त्या तबकडीवर उभी लहान स्लाइड, स्लाइडच्या वर एक छोटं हातचाक, आणि खाली एक टूल लोंबतंय. टूल एकच, चौकोनी दांड्याचं, लेथच्या टूलसारखं. त्या टूलच्या वर क्लॅपर बॉक्स असतो, एक बिजागरीचा तुकडा. रॅम मागं येताना टूल जॉबला घासू नये म्हणून तो तुकडा पुढं उचलला जातो आणि पुढं जाताना परत घट्ट बसतो. फोटोत तो छोट्या चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो, एवढा बारीक भाग पण शेपरची सगळ्यात पक्की खूण तीच.

हॉरिझाँटल मिलिंगमध्ये वरनं आलेला भाग म्हणजे ओव्हरआर्म. तो काम करताना हलत नाही. त्याच्या तोंडावर तबकडी नाही, चाक नाही, टूल नाही. त्याच्यापासनं खाली एक आधार उतरतो आणि त्या आधारात एका आडव्या दांड्याचं टोक अडकवलेलं असतं, तो आर्बर. आर्बरवर मधे गोल दातांची चकती, म्हणजे कटर, आणि दोन्ही बाजूंना बांगड्यांसारख्या रिंगा घातलेल्या, त्या कटरची जागा पक्की करायला. आर्बर काढून ठेवलेला असला तर आधार रिकामा लोंबताना दिसतो आणि कॉलमच्या तोंडावर स्पिंडलचं भोक दिसतं. शेपरच्या तोंडावर असं फिरणारं भोक कधीच नसतं.

मग टेबल. मिलिंगचं लांब आणि पातळ, मघाशी सांगितलं तसं. शेपरचं टेबल डब्यासारखं चौकोनी, वर पण खाचा आणि बाजूला पण खाचा, त्याच्यावर जाडजूड व्हाइस, आणि बऱ्याचदा पुढच्या बाजूनं जमिनीवर टेकवलेला एक पाय. तो पाय एवढ्यासाठी की टूल पुढं ढकलताना डबा खाली दबू नये. हा डबा आडव्या क्रॉस रेलवर डावी-उजवी सरकतो, आणि सरकवायला बाजूला खटका असतो, रॅम मागं येताना प्रत्येक वेळी टेबल थोडंसं सरकतं.

अजून एक, फोटो बाजूनं काढला असला तर शेपरच्या मागं बघा. रॅम मागं गेला की मशिनच्या पाठीतनं बाहेर येतो, म्हणून चांगल्या शेडमध्ये शेपरच्या मागं मोकळी जागा ठेवलेली असते नाहीतर रेलिंग लावलेलं असतं. मिलिंगच्या मागं मोटर आणि भिंत. शेपर भिंतीला अगदी चिकटून ठेवलेला दिसला तर एकतर तो बंद पडून आहे नाहीतर रॅमला पूर्ण स्ट्रोक मिळत नाही, आणि विकत घेणाऱ्यानं हे नक्की विचारायला पाहिजे.

शेपरच्या बाजूला मोठं गोल झाकण कशाचं असतं?

आत बुल गिअर असतो, मोठं दातेरी चाक, आणि त्याच्यावर खाच असलेला लिव्हर. चाक एकसारखं फिरतं पण रॅम पुढं जाताना सावकाश जातो आणि मागं येताना झटकन येतो, कारण कापायचं काम पुढं जातानाच आहे, रिकामं मागं यायला वेळ कशाला घालवायचा. मशिनचं पोट एवढं मोठं आणि पोकळ असण्याचं कारण पण हेच. अठरा इंची शेपर, चोवीस इंची शेपर म्हणतात ते रॅमच्या जास्तीत जास्त स्ट्रोकवरनं.

खाली पडलेल्या बुऱ्यावरनं मशीन ओळखता येतं म्हणतात, खरं का?

एमएस म्हणजे साधं स्टील असलं तर बऱ्यापैकी खरं. लेथखाली लांब कुरळ्या फिती पडतात, निळसर झालेल्या, ट्रेमध्ये गुंता होऊन. ड्रिलजवळ जुळ्या पिळाच्या फिती, कारण बिटाच्या दोन धारा असतात. मिलिंगखाली स्वल्पविरामाएवढे बारीक वाकडे तुकडे, सगळे जवळपास एका मापाचे, कारण प्रत्येक दात तेवढाच घास घेतो. शेपरच्या पुढं आखूड वळलेले तुकडे, आणि ते टेबलाच्या पुढच्या बाजूला जमिनीवर लांबपर्यंत उडालेले, कारण टूल पुढंच ढकलतं.

पण बेळगावात हे चालेलच असं नाही. इथं फाउंड्र्या भरपूर, शेडमध्ये येणारा माल बराचसा कास्टिंगचा, आणि ग्रे कास्ट आयर्नचा बुरा कुठल्याही मशिनवर भुगाच पडतो. त्याच्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं आणि चिप तिथंच तुटते, फीत होतच नाही. मग लेथखाली पण काळा भुगा, शेपरखाली पण काळा भुगा. शिवाय कास्टिंग बहुतेक कोरडंच कापतात, त्यामुळं कूलंटची नळी वाळकी आणि सगळ्या मशिनवर करडी-काळी धूळ बसलेली. म्हणून आधी जॉब बघा, ढिगात खरखरीत करडे कास्टिंग दिसले की बुऱ्यावरनं अंदाज बांधायचं सोडून द्या. फक्त भुगा कुठल्या दिशेला उडालाय ते थोडं कामाला येतं, शेपरचा पुढं एका पट्ट्यात, बाकीच्यांचा मशिनच्या पायाशी.

काका, एक फोटो पूर्ण वाचून दाखवा ना, कुठनं सुरुवात करायची आणि कुठं थांबायचं कळत नाही.

समजा शटरमध्ये उभं राहून आत काढलेला फोटो आहे, आपल्याकडच्या शेडचे बहुतेक फोटो असेच येतात. पाच मशिनं दिसतायत आणि खाली लिहिलंय ‘एक लेथ, तीन मिलिंग, एक ड्रिल, सगळी चालू’. आता एकेक घेऊ.

उजव्या भिंतीला पहिलं मशीन बुटकं आणि लांब. आपल्याकडं तोंड टेलस्टॉकचं आहे, म्हणजे चक लांब मागं, अंधारात. पण समोरनं लीड स्क्रू चमकतोय आणि ट्रेमध्ये भुगा आहे. लेथ, वादच नाही. बेडवर चकाजवळ आणि टेलस्टॉककडं चमकेत फरक दिसतोय का ते पण बघून ठेवा, चकाजवळ बेड जास्त घासलेला असतो कारण आखूड जॉब सगळे तिथंच होतात. फोटोवरनं किती घासलाय ते कळत नाही, पण प्रत्यक्ष गेल्यावर कुठं बोट फिरवायचं ते कळतं.

त्याच्या मागं दुसरं, मोठी हिरवी पेटी, वरनं पुढं काहीतरी आलंय. ‘मिलिंग’ म्हणून लिहिलंय. टोकाला झूम केलं तर छोटं हातचाक वर आणि खाली गोल तबकडीची कड दिसतेय. टेबलावर व्हाइस आहे पण टेबल लांब नाही, डबा आहे, आणि त्याच्या खाली जमिनीला टेकलेला पाय. पेटीच्या बाजूला गोल झाकण. हा शेपर आहे. लिहिलेलं चुकीचं आहे. शेपर वाईट मशीन नाही, पण त्याला मिलिंगचे पैसे देऊ नयेत.

तिसरं डाव्या बाजूला, तेही पेटीसारखंच. इथं टेबल दोन्हीकडं बाहेर आलंय, उजव्या टोकाला चाक आहे, आणि वरच्या हातापासनं खाली आधार उतरून आडव्या दांड्याला धरलंय. कटर लावलेला नाही, रिंगा तेवढ्या दिसतायत. हॉरिझाँटल मिलिंग. टेबलाच्या खाली सॅडलवर अंशांची गोल रेघ दिसली असती तर युनिव्हर्सल म्हणता आलं असतं, म्हणजे टेबल तिरपं करून हेलिकल गिअर वगैरे होतात, पण या फोटोत तो भाग सावलीत आहे, म्हणून तेवढं बोलायचं नाही.

चौथं, डोकं वर, स्पिंडल खाली, ‘मिलिंग’ म्हणून लिहिलेलं. खांब गोल आहे, डोक्यावर पट्ट्याचं लांबट झाकण पुढनं मागं गेलंय, उजवीकडं तीन दांड्यांचं हँडल, आणि टेबलावर दोन चाकांचं सरकतं व्हाइस बांधलंय. पटकन बघणारा त्या दोन चाकांना फसतो. पण व्हाइसच्या खाली बोल्ट दिसतायत आणि त्याखाली मूळचं गोल टेबल आहे. स्पिंडलवर लांबट खाच स्पष्ट आहे. पिलर ड्रिल.

पाचवं मशीन मागच्या भिंतीला, ताडपत्री टाकलेली. खालनं गोल जाड खांबाचा बुंधा आणि सपाट बेस प्लेट दिसतेय, ताडपत्रीखालनं आडवा हात पुढं आल्यासारखं वाटतंय. रेडियल ड्रिल असण्याची शक्यता जास्त, पण ‘वाटतंय’ एवढंच, ताडपत्री काढून फोटो मागवायचा.

म्हणजे लिहिलेलं होतं तीन मिलिंग, निघालं एक. एक शेपर आणि दोन ड्रिल, त्यातलं एक खात्रीचं नाही.

शेपर आता कोण वापरतंय? आयटीआयमध्ये अजून शिकवतात म्हणून विचारलं.

नव्या मोठ्या कारखान्यात नाही वापरत, मिलिंग आणि व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंगनं ते काम घेतलं. पण जॉबवर्कच्या शेडमध्ये अजून आहे. जेम्स नास्मिथनं 1836 मध्ये शेपर बनवला तेव्हापासनं तत्त्व तेच आहे. त्याचा फायदा असा की टूल एक साधं चौकोनी बिट, ग्राइंडरवर हातानं धार काढली की झालं, मोडलं तरी थोडक्यात भागतं. मिलिंगचा कटर महाग आणि धार काढायला वेगळं मशीन लागतं. कास्टिंगवरची कडक वाळूची साल काढायची असली तर महागाचा कटर कशाला झिजवायचा, म्हणून लोक पहिला कट शेपरवर मारतात. कीवे म्हणजे चावी बसवायच्या खाचा, साखर कारखान्याच्या दुरुस्तीतले एखाददुसरे पार्ट, असल्या कामाला तो चालतो, फक्त वेळ जास्त लागतो.

स्लॉटर, सीएनसी, ग्राइंडर हे पण फोटोत असतात, त्यांचं काय?

थोडक्यात सांगतो. शेपर उभा केला की स्लॉटर, रॅम वर-खाली जातो आणि खाली गोल फिरतं टेबल असतं. सरफेस ग्राइंडरला दातांचा कटर नसून दगडाचं चाक असतं आणि त्यावर अर्ध गोल गार्ड. सीएनसी नाहीतर व्हीएमसी म्हणजे पत्र्याची बंद पेटी आणि बाजूला स्क्रीन, दार बंद असलं तर आत लेथ आहे का मिलिंग ते आकारावरनं सांगायच्या भानगडीत पडू नका, दार उघडून फोटो मागवा, चक दिसलं की टर्निंग, टेबल दिसलं की मिलिंग.

मग विकणाऱ्याकडनं नक्की कुठले फोटो मागवायचे?

ऑपरेटर उभा राहतो तिथनं एक, छातीच्या उंचीवरनं, पूर्ण मशीन येईल असा. एकदम जवळनं वाइड लावून काढला तर लांब टेबल आखूड दिसतं आणि आखूड लांब, म्हणून चार पावलं मागं जाऊन काढायला सांगा. दुसरा, टूल जिथं बसतं तिथला जवळनं, म्हणजे लेथचं चक आणि टूल पोस्ट, मिलिंगचा स्पिंडल नाहीतर आर्बर, ड्रिलचा स्पिंडल खाचेसकट, शेपरचा रॅमच्या तोंडाचा. तिसरा नेमप्लेटचा, रंगानं झाकली असली तर थिनरनं पुसून. एचएमटी, किर्लोस्कर असली नावं दिसली तर मॉडेल नंबर लिहून घ्या, त्यावरनं लेथ का मिलिंग ते तर कळतंच, पण पार्ट मिळतील का ते पण विचारता येतं.

आणि मशीन चालू असतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. शेपर असला तर रॅम मागं झटकन येताना दिसेल, लेथ असला तर चक फिरताना, आणि ‘मिलिंग’ म्हणून ड्रिल दाखवत असले तर व्हिडिओत टेबल चालवून दाखवा म्हणायचं, तीन दिशांना, प्रत्येक चाक फिरवून. दाखवायला टाळाटाळ केली तर उद्यमबागेत जाऊन स्वतः बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.